कोणत्याही शाखेची पदवी

2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्राच्या महसूल विभागाने तलाठ्यांच्या 4,644 जागांची जाहिरात काढली. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात एकच मुख्य अट होती: मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी. साडेदहा लाखांच्या जवळपास अर्ज आले. खुल्या वर्गाला हजार रुपये आणि राखीव वर्गाला नऊशे रुपये शुल्क भरून हे अर्ज आले होते, म्हणजे सहज गंमत म्हणून कोणी भरलेले नव्हते. प्रत्यक्ष परीक्षेला साडेआठ लाखांहून अधिक उमेदवार बसले. एका जागेमागे साधारण 186 जण.

यवतमाळ–दारव्हा रस्त्यावरच्या, अडाण नदीकाठच्या बोरी अरबसारख्या गावात तरुणांच्या बेरोजगारीचा विचार या जाहिरातीपासून सुरू करावा लागतो. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमापासून सुरू केला तर गाडी चुकीच्या रुळावर जाते. अभ्यासक्रम जुना आहे, उद्योगाला लागणारी कौशल्यं त्यात नाहीत, म्हणून मुलं बेकार राहतात, असं नेहमी सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण ज्या मुलाने पदवीला प्रवेशच त्या एका रकान्यासाठी घेतला आहे, त्याच्या दृष्टीने अभ्यासक्रमात काय आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्याला पदवी हवी आहे, पदवीतलं शिक्षण हवंच असं नाही.

तलाठी परीक्षेची प्रश्नपत्रिका पाहिली की हे लक्षात येतं. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित–बुद्धिमापन. प्रत्येकी 25 प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण, एकूण 200 गुण आणि वेळ दोन तास. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातून कोणी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालं काय किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालं काय, तीन वर्षांत शिकलेल्यापैकी फारच थोडं इथे उपयोगी पडतं. आता दुसरी बाजू पाहा. निवड झाल्यावर तलाठी करतो काय? सातबारा आणि आठ-अ ची नोंदवही सांभाळतो, वारसाचे आणि खरेदीचे फेरफार घेतो, पीक पाहणी तपासतो, गारपीट झाली की पंचनामे करतो. यातलं काही प्रश्नपत्रिकेत नाही आणि पदवीतही नाही. ते सगळं नोकरी लागल्यावर, प्रशिक्षणात आणि बहुतांशी जुन्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून शिकायचं असतं. म्हणजे या भागातला सर्वांत हवाहवासा मालक असलेलं सरकार पदवी मागतं एका गोष्टीची, परीक्षा घेतं दुसऱ्या गोष्टीची आणि काम देतं तिसऱ्या गोष्टीचं. (त्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा वेगवेगळ्या सत्रांतल्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी करण्याच्या सूत्रामुळे एका उमेदवाराला 200 पैकी 214 गुण मिळाल्याचं दिसलं आणि गदारोळ झाला. सूत्र संख्याशास्त्राच्या दृष्टीने समजावून देता येतं, पण वर्षभर अभ्यासिकेत घासलेल्या पोराला ते समजावणं अवघड आहे.)

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो. शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते की नाही हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा, असं तो सांगतो. मालकाला शंभर अनोळखी माणसांतून निवड करायची असते. कोण चिकाटीचा आणि कोण नाही हे त्याला दिसत नाही. मग जी गोष्ट मिळवायला कष्ट पडतात ती तो खूण म्हणून वापरतो. पदवी ही अशी खूण आहे. गंमत अशी, की खूण सगळ्यांकडे आली की तिची किंमत उतरते, पण ती नसण्याची शिक्षा मात्र वाढते. दारव्हा तालुक्यात आज बी.ए. असून काही मिळत नाही आणि बी.ए. नसेल तर अर्जही भरता येत नाही, ही स्थिती नेमकी तीच आहे.

मग हा सगळा वेडेपणा आहे का? हिशेब मांडून पाहू. बोरी अरबमधला एक तरुण समजा. नुकताच पदवीधर झालेला, घरी पाच-सहा एकर कोरडवाहू, वडील कापूस–सोयाबीन घेणारे. तलाठ्याचं मूळ वेतन 25,500 रुपयांपासून सुरू होतं. 2023 चा 42 टक्के महागाई भत्ता आणि ग्रामीण भागातलं घरभाडं धरलं की महिना 38 हजारांच्या आसपास जातो. खासगीत यवतमाळला एखाद्या दुकानात किंवा गोदामावर हिशेब ठेवण्याचे त्याला 12 हजार मिळतील असं धरू. फरक महिन्याला 26 हजार, वर्षाला तीन लाख बारा हजार. हा फरक तीस वर्षं मिळाला आणि पुढच्या पैशाची आजची किंमत काढायला दरसाल 8 टक्के वजावट केली, तर ती साधारण 35 लाख होते. पगारवाढ, सुरक्षितता, लग्नाच्या बाजारातली पत हे सगळं सोडून.

पण ही रक्कम मिळण्याची शक्यता 186 त एक. 35 लाखांना 186 ने भागलं की हातात 19 हजार रुपये येतात. म्हणजे एका परीक्षेचं सरासरी मोल एवढंच. आणि वर्षभर अभ्यासिकेत बसायची किंमत? खासगीतली नोकरी सोडली म्हणून बुडालेले एक लाख 44 हजार. या हिशेबात अभ्यास करणं उघड तोट्याचं आहे.

आता हिशेबातली दोन गृहीतकं बोरी अरबच्या मापाने बदलू. पहिलं, 12 हजारांची नोकरी बारा महिने मिळतेच असं नाही. हंगामी काम, अधूनमधून गोदाम, मधेच घरची शेती. पाच महिन्यांचंच काम मिळालं तर बुडालेली कमाई 60 हजारांवर येते. दुसरं, मुलगा एकच परीक्षा देत नाही. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची 19,460 जागांची जाहिरात आली. पाठोपाठ 2024 मध्ये पोलिसांच्या 17,471 जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले. अंकगणित, व्याकरण आणि चालू घडामोडी सगळीकडे कामाला येतात. अशा चार परीक्षा धरल्या तर सरासरी मोल 76 हजार, चार शुल्कांचा खर्च चार हजार. आता पारडं अभ्यासिकेकडे झुकतं. आणि प्रत्येक मुलाला आपण सरासरीपेक्षा थोडे वर आहोत असं वाटत असतं, ते आपण हिशेबात धरलंच नाही.

म्हणजे मुलगा आळशी नाही आणि भाबडाही नाही. गावात उपलब्ध असलेल्या पर्यायांच्या भावाने तो बरोबर गणित करतो आहे. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या दोघांनी 1970 मध्ये असंच गणित खेड्यातून शहरात जाणाऱ्या लोकांबद्दल मांडलं होतं: शहरात बेकारी दिसत असूनही माणसं का जातात, तर चांगल्या पगाराची थोडी शक्यताही खात्रीच्या तुटपुंज्या कमाईपेक्षा मोठी ठरते म्हणून. इथे शहराच्या जागी सरकारी भरती ठेवा.

याचा पुरावा तमिळनाडूतून मिळतो. तिथल्या सरकारने 2001 मध्ये आर्थिक चणचणीमुळे बहुतेक नोकरभरती काही वर्षं गोठवली. साध्या तर्काने पाहिलं तर जागाच नाहीत म्हटल्यावर मुलांनी दुसरी वाट धरायला हवी होती. अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांनी त्या काळातल्या पदवीधर पुरुषांची आकडेवारी तपासली तेव्हा उलट दिसलं: ते जास्त काळ बिनकामाचे राहिले, कारण भरती उघडेल तेव्हा आपण तयार असावं म्हणून तयारी लांबवत गेले. त्या पिढीच्या पुढच्या कमाईवरही त्याची सावली पडलेली दिसते. जागा कमी केल्याने रांग लहान होत नाही, हा त्यातला धडा आपल्याकडच्या रखडलेल्या भरत्यांनाही लागू आहे.

रांगेतला हा मुलगा सरकारी आकडेवारीत बेरोजगार म्हणून दिसतो का, हे बघण्यासारखं आहे. आवर्ती श्रमबल सर्वेक्षणाच्या नेहमीच्या स्थितीच्या व्याख्येत, वर्षभरात दुय्यम काम म्हणून तीस दिवस घरच्या शेतात विनामोबदला राबलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यात तीस दिवस सहज भरतात. दुसऱ्या टोकाला, मी शिकतो आहे असं त्याने सांगितलं तर तो श्रमबलाबाहेर जातो. दोन्ही वाटांनी तो बेरोजगारांच्या यादीतून गळतो. तरीही आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांपैकी 29.1 टक्के बेरोजगार होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत हे प्रमाण फक्त 3.4 टक्के होतं. निरक्षराला थांबणं परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षणाने माणूस बेकार होतो असा अर्थ काढणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांनी भारतातल्या पदवीधर बेकारीवरचं पुस्तक 1969 साली लिहिलं, तेव्हाही प्रश्न हाच होता: इतकी बेकारी असून लोक पदवी का घेतात? वाट पाहण्याचा काळ धरूनही पदवी शेवटी फायद्याचीच पडते, असं त्यांना आढळलं होतं.

आता गावाच्या दुसऱ्या बाजूला वळू. पदवीशी नातं असलेलं काम इथे अजिबात नाही, असं नाही. कापूस आणि कृषी केंद्र ही दोनच उदाहरणं घेऊ.

भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कास्तकाराची गाडी आली की पहिल्यांदा ओलावा मोजतात. यंत्राचे टोकदार भाग ढिगात आत खुपसायचे, एकाच जागी नाही तर वर, मध्ये आणि तळाशी. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, 8 ते 12 मध्ये त्या प्रमाणात कपात आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. नंतर धाग्याची लांबी, तलमपणा, पिवळेपणा आणि कचरा. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, त्यामुळे उताऱ्यातला एका टक्क्याचा फरक जिनिंगच्या मालकाला चांगलाच कळतो. हे काम करणाऱ्याला वनस्पतिशास्त्र माहीत असेल तर उत्तमच, पण त्याला त्याहून जास्त लागतो तो सराव: हाताने धागा ओढून लांबी सांगायची आणि यंत्राने खात्री करायची. असा सराव किती दिवसांचा? अनुभवी माणसाच्या हाताखाली एक हंगाम.

कृषी केंद्राची गोष्ट जास्त गंभीर आहे. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. दोन-तीन औषधं एकत्र मिसळणं, उंच वाढलेल्या कपाशीत डोक्याच्या वर फवारा उडणं, हातमोजे-मास्क नसणं, अशी कारणं पुढे आली. औषध कोणतं आणि किती मारायचं हे बहुतेक वेळा शेतकरी दुकानदारालाच विचारतो. म्हणूनच कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी केंद्राच्या नियमांत आता शैक्षणिक अट आहे: कृषी पदवी, किंवा रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र यांसारख्या विषयासह विज्ञानाची पदवी, किंवा कृषीविषयक पदविका.

म्हणजे बी.एस्सी. झालेल्या मुलाला गावातच कायद्याने दार उघडून दिलं. पण रसायनशास्त्राच्या पदवीत तो काय शिकतो? सेंद्रिय अभिक्रियांच्या यंत्रणा, उष्मागतिकी, अनुमापन. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं औषध शरीरातल्या मज्जातंतूंवर काय करतं हे समजण्याची पात्रता त्याच्यात या शिक्षणाने नक्की येते. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणात का आहे, पंपाच्या पंधरा लिटर पाण्यात किती मिलिलिटर घालायचं, कोणती दोन औषधं एकत्र करू नयेत, चक्कर आणि घाम सुरू झालेल्या माणसाला डब्यासकट दवाखान्यात का न्यायचं: हे त्याला शिकवायला किती दिवस लागतील? पाया आधीच पक्का असेल तर पंधरा दिवस, फार तर महिना.

अभ्यासक्रम आणि काम यांच्यातली दरी मोजली की ती तीन वर्षांची निघत नाही, काही आठवड्यांची किंवा एका हंगामाची निघते. मग ते आठवडे कोणी का भरून काढत नाही? कारण त्यांचा खर्च कोणी करायचा यावर सगळं अडतं. गॅरी बेकर यांनी 1964 च्या मानवी भांडवलावरच्या पुस्तकात याचं उत्तर दिलं आहे. जे कौशल्य दुसऱ्या कुठल्याही मालकाकडे चालतं ते शिकवायला मालक स्वतःचा पैसा घालत नाही, कारण शिकलेला माणूस पुढच्या हंगामात शेजारच्या जिनिंगला जाईल. शिकणाऱ्याने कमी पगार घेऊन तो खर्च सोसावा, असं बेकर म्हणतात. पण आपला मुलगा 12 हजारांवरून आणखी खाली यायला तयार नाही, त्याचा डोळा भरतीवर आहे. आणि महाविद्यालयाला ते आठवडे शिकवून काही मिळत नाही, त्याचं गणित मंजूर पदं, प्रवेश आणि निकाल यांवर चालतं.

मालक मात्र कुशल माणूस मिळत नाही असं म्हणत राहतात. या तक्रारीची एक साधी तपासणी आहे, आणि ती पगारात दिसते. खरोखर टंचाई असेल तर त्या कामाचा पगार वाढायला हवा. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मिळत नाही म्हणणारा मालक चार वर्षं तेवढाच पगार देत असेल, तर त्याला कुशल माणूस हवा आहे, पण त्याची किंमत मोजायची नाही. कौशल्याच्या तुटवड्याचे अहवाल वाचताना पगाराचा रकाना आधी शोधावा, असं मला वाटतं. तो बहुतेकांत नसतो.

शासनाने या खर्चात हात घातला नाही असं म्हणता येणार नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात 30 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कापड कारखान्याला ते लागू पडतं, बोरी अरबच्या आसपासच्या कृषी केंद्राला नाही. दोन माणसांच्या दुकानात कायदा पोचत नाही आणि या भागातली बहुतेक कामं अशाच दुकानांत, गोदामांत आणि हंगामी जिनिंगमध्ये आहेत.

मग जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन, सहा महिने, आणि पैसे सरकारचे. बेकर यांच्या पेचावर हा नेमका उतारा होता: शिकवण्याचा खर्च ना मालकावर, ना मुलावर. पण हजारो प्रशिक्षणार्थी गेले ते सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत, ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेच्या शाळांत. तिथे काम होतं, पण मुदतीनंतर त्यांना घेण्यासाठी पद नव्हतं, कारण पद भरायची वाट पुन्हा त्याच परीक्षेतून जाते. मुदत नंतर पाच महिन्यांनी वाढवून अकरा केली गेली आणि प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले. मला ते स्वाभाविक वाटतं. त्यांच्या हाती आलेली कौशल्यं सरकारी कार्यालयाबाहेर खपणारी नव्हती.

दरम्यान, पदवीचा अभ्यासक्रमही बदलतो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालेल्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, व्यावसायिक कौशल्याचे विषय आणि कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक आहेत, म्हणजे सुमारे 120 तास. वर सांगितलेले पंधरा दिवस हेच. दिवसाला आठ तास धरले तर 120 तास बरोबर पंधरा दिवसांत बसतात. पण 120 तास कुठे काढायचे? तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एकाच वर्गात साठ मुलं असतील आणि भोवती जिनिंग, कृषी केंद्रं, पतसंस्था, सेवा सहकारी सोसायट्या आणि दवाखाने असतील, तर जागा जमवता येतात, पण त्या जमवण्यासाठी कोणा प्राध्यापकाला दारोदार हिंडावं लागतं आणि त्या हिंडण्याचा तास वेळापत्रकात नसतो. त्यातून सोपी वाट निघते ती ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्राची. ती वाट धरली गेली आहे की नाही हे ओळखायला मोठी समिती लागत नाही. कृषी केंद्रात पंधरा दिवस काढलेल्या मुलासमोर औषधाचे चार डबे ठेवावेत आणि त्रिकोणांच्या रंगाप्रमाणे लावायला सांगावं. जिनिंगमध्ये गेलेल्याला कापसाचा ढीग आणि ओलावा मोजायचं यंत्र द्यावं, आणि तो ते यंत्र ढिगात किती ठिकाणी खुपसतो ते बघावं.